स्केल थ्रीचं प्रमोशन लागलं, पोस्टिंग झोनबाहेर जाणार. घ्यावं की सोडावं?

रंकाळ्याची_वाट

नमस्कार मंडळी. नेहमी वाचते, लिहिते कमी. आज गरज माझी आहे.

मी सरकारी बँकेत स्केल टूला, कोल्हापुरात. परवा स्केल थ्रीचा निकाल लागला, माझं नाव यादीत आहे. आनंद दोन तास टिकला. मग युनियनवाल्यांचा फोन आला की यंदा आमच्या झोनमधून वर चढलेल्या बहुतेकांना बाहेर पाठवणार, महाराष्ट्रात जागा फार कमी आहेत. पोस्टिंगची यादी दहा-बारा दिवसांत येईल.

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, शाळा करवीर तालुक्यातच. लेक सातवी झाली, जूनपासून आठवीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे गेलेत. घर स्वतःचं.

प्रमोशन नाकारायचं तर लेखी द्यावं लागतं, आणि आमच्याकडे नकार दिला की दोन वर्षं प्रक्रियेला बसता येत नाही. पैशाचंही गणित मांडलं. माझं बेसिक 80560 आहे, थ्रीची सुरुवात 85920 ला. त्यावरचा स्पेशल अलाउन्स आणि डीए धरला तर वाढ आठ हजारांच्या आसपास. पण तिथे बँकेच्या लीजचं घर घेतलं की एचआरए बंद, आणि तोही आठ हजारांच्या आसपासच आहे. म्हणजे पगारात पडणारी भर शून्य, वर येण्याजाण्याचा खर्च आणि दोन चुली.

नवरा म्हणतो, "तुझं तू ठरव, मी आहे." हे वाक्य ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट जास्तच भीती वाटली. ज्यांनी असं केलंय त्यांनी लिहा.

लिंबूटिंबू

आधी अभिनंदन! पेढे कुठले, ते यादी आल्यावर कळवा. भोपाळचे असतील तर मी येतो.

टर्मिनल_दोन

मी कन्सल्टिंगमध्ये आहे, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असतो. आमचा नियम असा की रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल, कितीही काम असो. बायको पुण्यात नोकरी करते, सगळं नीट चाललंय. हल्ली विमानं स्वस्त आहेत, सोमवारी पहाटे निघायचं, गुरुवारी रात्री परत. उगाच बाऊ करू नका.

भाकरतुकडा

टर्मिनलराव, त्यांची बदली आहे, टूर नाही. गुरुवारी रात्री परत यायला ब्रँच मॅनेजरला कोण सोडतंय? आणि विमानाचं तिकीट तुमची कंपनी काढते.

शनिवारपेठी

ताई, घाबरू नका. पती-पत्नी एकत्रीकरण नावाचा शासनाचा नियम आहे. दोघंही सरकारी असतील तर एकाच ठिकाणी ठेवावंच लागतं. तीस किलोमीटरच्या आत. तुम्ही अर्ज करा, कोल्हापूर मिळालंच पाहिजे. तो तुमचा हक्क आहे.

मास्तर_कोकणातले

शनिवारपेठी, तीस किलोमीटरची अट आमची, म्हणजे झेडपी शिक्षकांच्या बदल्यांची. जोडीदारांच्या कामाच्या ठिकाणांत तीसहून जास्त अंतर असेल तर शिक्षकाला संवर्ग दोनमधून प्राधान्य मिळतं. त्याने शिक्षक हलतो, बँक हलत नाही. शिवाय अंतराचा दाखला आणायला बांधकाम खात्यात ज्या खेपा होतात, तेवढ्यात माणूस चालत पोचेल.

आणि ताईंचे यजमान हलून हलून महाराष्ट्रातच हलणार. दुसऱ्या राज्यात आपली झेडपी नाही. महाराष्ट्रात पोस्टिंग मिळालं तर आंतरजिल्हा बदली मागता येते, पण त्याची किंमत कोणी सांगत नाही. मी नांदेडहून रत्नागिरीत आलो, बायको इथे आरोग्य खात्यात आहे म्हणून. नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता शून्यापासून. चौदा वर्षं नोकरी झालेला माणूस यादीत काल लागलेल्या पोराच्या खाली. पगार तोच राहतो, पण केंद्रप्रमुख वगैरे आता पुढच्या जन्मी. रोज संध्याकाळी घरी जेवतो, त्यामुळे तक्रार नाही. पण किंमत आहे.

वकीलबाई

हक्काचं म्हणाल तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच गेला होता, तोही बँकेतल्याच माणसाचा. बँक ऑफ इंडिया विरुद्ध जगजीत सिंग मेहता. बायकोची नोकरी चंदीगडला, हे प्रमोशन घेऊन अधिकारी झाले आणि पोस्टिंग दूर बिहारकडे. न्यायालयाने म्हटलं की नवरा-बायकोला शक्य तिथे एकत्र ठेवावं हे चांगलंच, पण देशभर कुठेही बदली होऊ शकते अशी नोकरी आणि बढती स्वीकारल्यावर ते हक्क म्हणून मागता येत नाही. नंतर परिपत्रकं बरीच निघाली, स्त्री कर्मचाऱ्यांना नवऱ्याच्या गावाजवळ ठेवण्याबद्दल बँकांनाही वित्त मंत्रालयाची पत्रं आहेत. अर्ज करताना त्यांचा हवाला जरूर द्या, विचार करावा लागतो. पण त्याच्या जोरावर कोर्टात जाऊ नका. मी हे वकील असून सांगतेय.

शनिवारपेठी

म्हणजे नियम कागदावरच. मग काढतात कशाला?

निवृत्त_चावीवाला

मी चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. मधली चार वर्षं एचआरमध्ये होतो, या याद्या बनवायच्या टेबलावर. जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही पैशाचं गणित मांडलंत ते बरोबर आहे. थ्री कोणी पगारासाठी घेत नाही, फोर आणि त्यापुढच्यासाठी घेतात. पण खरं गणित वर्षांचं आहे आणि ते तुमच्या पोस्टमध्ये नाही. लेकीच्या इयत्ता मांडून बघा.

आज नकार दिलात तर आठवी आणि नववी घरी, छान. दोन वर्षांची बंदी नववीच्या अखेरीस संपते. पुन्हा परीक्षा, मुलाखत, निकाल. पोस्टिंग येतं ते बरोबर दहावीच्या जूनमध्ये. तेव्हा परत नकार द्याल, म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि मग मुलगी बारावीत. असं चार-पाच वर्षं ढकललेले लोक मी पाहिलेत. ते शेवटी पन्नाशीला थ्री घेतात आणि तेव्हा घरी म्हातारी माणसं अंथरुणाला असतात.

आज घेतलंत तर आठवी आणि नववी बाहेर. दोन वर्षं पूर्ण झाली की विनंती बदलीचा अर्ज आणि दहावीला घरी. आठवीत गेलेली मुलगी अर्ध्या कामांत हाताशी येते. सोडायचीच तर ही दोन वर्षं सोडावीत.

आता यादी यायच्या आधी काय करायचं ते. झोनल ऑफिसला अर्ज द्या, पण "कोल्हापूर द्या" असा नको. तो वाचला जात नाही, असे पाचशे येतात. झोनबाहेरचीच तीन केंद्रं पसंतीक्रमाने लिहा. ज्याने बाहेर जायची तयारी दाखवली त्याला त्यातल्या त्यात सोयीचं द्यायला टेबलावरच्या माणसालाही बरं वाटतं, कारण त्याची एक जागा भांडणाशिवाय भरते. आणि केंद्र निवडताना किलोमीटर बघू नका, रात्रीची गाडी बघा. संध्याकाळी बसून सकाळी उतरता येईल तेवढंच अंतर घराजवळचं.

लिंबूटिंबू

बेळगाव लिहा! कोल्हापूरपासून पुण्याच्या निम्म्याने अंतर, आणि बँकेच्या लेखी राज्याबाहेर. सीमाप्रश्नाचा कोणाला तरी फायदा होऊ दे.

निवृत्त_चावीवाला

हसू नका, बेळगाव पहिलं लिहायचंच. फक्त ते कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातले सगळेच लिहितात.

गोडबोले_नसलेली

काकांचं इयत्तांचं गणित कागदावर झकास आहे. पण "दोन वर्षांनी विनंती बदली" हे लिहून कोण देतं? माझ्या नवऱ्याला तीन वर्षं सांगून रायपूरला पाठवलं. तीन झाली, बदलीमाणूस मिळेना. मग झोनल मॅनेजर बदलले, नवे म्हणाले मार्चनंतर बघू. साडेचार वर्षांनी आला. मुलाची दहावी मधेच गेली. बँकेचं नाव लिहीत नाही, सगळ्या सारख्याच.

आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी घरी येता येतं म्हणतात, त्याचंही सांगते. मी त्याची तिकिटं बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, म्हटलं बघू तरी. पहिल्या वर्षी चोवीस शनिवारांपैकी तो अकरा वेळा आला. बाकीचे ऑडिट, वसुलीचा कॅम्प, मार्च एंड, कोणीतरी रजेवर म्हणून किल्ली याच्याकडे. ब्रँच हेडला गाव सोडायला परवानगी घ्यावी लागते आणि ती शुक्रवारी चार वाजता नाकारता येते. तिकीट साठ दिवस आधी काढलेलं असतं.

निवृत्त_चावीवाला

गोडबोले नसलेल्या ताईंचं खरं आहे, मी चांगली बाजू सांगितली. लेखी हमी कोणी देत नाही. आमच्या टेबलावरून एवढंच दिसायचं की विनंतीच्या यादीत नाव आपोआप चढत नाही. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या तीन-चार महिने आधी अर्ज, सोबत मुलीचं शाळेचं प्रमाणपत्र आणि सासूबाईंची वैद्यकीय कागदपत्रं. आणि शाखा नीट ठेवलेली. एनपीए वाढवून बसलेल्याला "आधी साफ करून जा" असं सांगतात आणि अडकवतात. रायपूरमध्ये नेमकं काय झालं मला माहीत नाही, पण असं होतं.

एक मात्र तुमच्या हातात आहे. शाखाप्रमुख न होता रिजनल ऑफिसमध्ये क्रेडिट किंवा तत्सम डेस्क मिळालं तर किल्ली गळ्यात पडत नाही. शनिवार बऱ्यापैकी आपले राहतात. पुढे फोरच्या वेळी शाखेचा अनुभव कमी दिसतो, तो भाग वेगळा.

पाटलाचा_धाकला

मला एक कळत नाही. नवऱ्याची नोकरी जिल्ह्यात पक्की, घर स्वतःचं, दोन पगार येतात. आणि पगारात वाढही नाही म्हणता. मग आईने तेरा वर्षांची मुलगी सोडून जायचं कशाला? राग नका मानू, स्पष्ट बोलतो.

भाकरतुकडा

धाकले पाटील, वर रायपूरला गेलेल्या बाबाची गोष्ट वाचलीत. तिथे "बापाने मुलगा सोडून जायचं कशाला" असं तुम्ही लिहिलं नाहीत. राग नाही मानत, स्पष्ट बोलते.

लिंबूटिंबू

_पॉपकॉर्नची पाटी घेऊन बसलो आहे._

हिरवी_छत्री

मुद्द्याचं सांगते. ताईंच्या यजमानांनी बालसंगोपन रजा घ्यावी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना एकशे ऐंशी दिवस मिळते, शिक्षकांनाही. माझ्या बहिणीने मुलाच्या दहावीला घेतली होती.

मास्तर_कोकणातले

बहिणीला मिळाली, भावाला मिळत नाही. 2018 चा जीआर आहे. रजा स्त्री कर्मचाऱ्यांना. पुरुषाला कधी, तर पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. पत्नी प्रमोशनवर परगावी आहे, हे कारण त्यात बसत नाही. शासनाच्या कल्पनेत बायको एकतर घरी असते नाहीतर आजारी.

त्यांच्याकडे मे महिना आणि दिवाळी आहे, तेच धरून चाला. तेही निवडणूक, जनगणना यांनी पोखरलं नाही तर.

हिरवी_छत्री

अरेच्चा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद मास्तर.

खडू_आणि_डस्टर

मी तो नवरा.

बायकोने धागा काढलाय हे मला परवा कळलं, तिनेच दाखवला. आज खातं उघडलं. "तुझं तू ठरव, मी आहे" यावर ती घाबरली हे इथे वाचून कळलं. मला वाटलं होतं मी पाठिंबा देतोय.

मग काल आम्ही दोघांनी बसून घरातली कामं लिहून काढली. मी म्हटलं तसं बरंच मी करतोच की. दूध, भाजी, आईला दवाखान्यात नेणं, गाडीवरून लेकीला क्लासला सोडणं. लिहायला लागल्यावर माझी सोळा कामं झाली, तिची एकोणचाळीस. आणि तिच्या कामांत बरीचशी अशी होती की ती करायची असतात हेच मला माहीत नव्हतं. आईच्या गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणायच्या, गणवेश जूनच्या आधी उसवून लांब करायचा, लेकीच्या कुठल्या मैत्रिणीशी सध्या अबोला आहे ते लक्षात ठेवायचं. आईच्या गोळ्या चार प्रकारच्या आहेत. मला दोन वाटत होत्या.

पाटलाच्या धाकल्यांना: लेक आमची आहे, तिची एकटीची नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे आणि ती मी तिच्याशी बोललो नव्हतो. लेक तेराची होतेय. कधीही पाळी सुरू होईल. घरात आजी आहे, पण आजी लोणच्याला शिवू नको म्हणणारी. मी शाळेत पोरींच्या पालकांना मोठ्या तोंडाने सांगतो, घरी माझी बोबडी वळेल.

वाळवंटातला_उंट

मास्तर, मी करून बसलोय, म्हणून लिहितो. बायको नर्स, मस्कतला होती तीन वर्षं, मी आणि मुलगी साताऱ्यात. बायकोने जायच्या आधीच मुलीच्या कपाटात एक डबा भरून ठेवला होता, तिला समजावूनही सांगितलं होतं. माझ्यासमोरच, हे महत्त्वाचं. त्यामुळे बाबाला माहीत आहे हे मुलीला माहीत होतं. वेळ आली तेव्हा ती मला फक्त म्हणाली, "बाबा, डबा उघडलाय." मी म्हटलं बरं, आणि गरम पाण्याची पिशवी शोधायला लागलो. सापडेना. मस्कतला फोन करून विचारली, फ्रिजवर होती. एवढंच झालं.

गोडबोले_नसलेली

उंटभाऊ, हे वाचून डोळ्यात पाणी आलं आणि फ्रिजवर हे वाचून हसू.

खडू_आणि_डस्टर

"माझ्यासमोरच" हे लिहून घेतलं.

टर्मिनल_दोन

माझी वरची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली, कौतुकाने. ती म्हणाली, सगळं नीट चाललंय हे तुला कोणी सांगितलं? आता आमच्याकडे यादी सुरू आहे. खडूसाहेब, तुमचा आकडा सांगून तुम्ही माझं नुकसान केलंत.

शनिवारपेठी

मला एक सुचतं. लीज घेऊच नका. एचआरए चालू ठेवा, तिथे एखादी खोली किंवा पीजी बघा सहा-सात हजारांत. एकट्या माणसाला दोन बेडरूमचं घर कशाला?

निवृत्त_चावीवाला

हा पर्याय खरोखर आहे, बरेच एकटे जाणारे तसं करतात. पण मी लीज घ्या म्हणेन. पीजीत नवरा-मुलगी मे महिन्यात येऊन राहू शकत नाहीत, आणि सासूबाई तर अजिबात नाहीत. मे आणि दिवाळीत बिऱ्हाडच तिकडे हलवता आलं तर तुमच्या अकरा शनिवारांवरचा ताण जातो. माझी बायको शिक्षिका होती. आमचं असंच चाललं, सुट्टीत ती यायची, एरवी मी जायचो. माझ्या मुलाला अजून वाटतं की त्याचं लहानपण कोइम्बतूरला गेलं. एकूण मिळून पाच महिने असेल.

रंकाळ्याची_वाट

यादी आली. बेळगाव, हुबळी, पणजी लिहिलं होतं. मिळालं वडोदरा, शाखाप्रमुख म्हणून.

परवा रात्री आम्ही दोघांनी गाड्या बघितल्या. कोल्हापूर–अहमदाबाद आहे, पण ती आठवड्यातून एकदाच, शनिवार-रविवारच्या खेपेला तिचा उपयोग नाही. त्यामुळे तिकडून पुण्यापर्यंत रात्रीची गाडी आणि पुढे एसटी. शुक्रवारी रात्री निघाले तर शनिवारी दुपारी जेवायला घरी. रविवारी दुपारी परत निघायचं. म्हणजे घरी एक रात्र. काकांची "संध्याकाळी बसून सकाळी उतरायचं" ही कसोटी यात बसत नाही.

तरी मी जॉइन होतेय. अकरा शनिवार धरूनच हिशेब केला, चोवीस नाही. दरमहा मी एकदा येणार, आणि दर दोन-तीन महिन्यांनी जोडून सुट्टी आली की ते दोघं तिकडे. सासूबाईंसाठी सकाळच्या पोळ्यांच्या मावशी आता दोन्ही वेळा येतील. त्यांनी पगार वाढवून मागितला, योग्यच आहे. प्रमोशनचा आर्थिक फायदा आमच्या घरात फक्त त्यांना झालाय.

लेकीला विचारलं तर म्हणाली, "मग तुझी खोली मला?" डबा भरायचा आहे. तिच्या बाबासमोर.

दोन वर्षांनी खरंच परत येईन का, माहीत नाही. गोडबोले नसलेल्या ताई, तुमची रायपूरची पोस्ट मी स्क्रीनशॉट काढून ठेवलीय. दीड वर्षाने अर्ज करताना वाचणार आहे.

पाटलाचा_धाकला

शुभेच्छा ताई. माझं मत तेच आहे, पण शुभेच्छा मनापासून.

निवृत्त_चावीवाला

जॉइन होताना चार्ज घाईत घेऊ नका. कॅश, किल्ल्या, सोन्याच्या कर्जाची पाकिटं स्वतः मोजा. थकीत खात्यांची यादी तारीख टाकून सहीनिशी घ्या. दोन वर्षांनी "आधी साफ करून जा" म्हणाले तर कुठलं तुमचं आणि कुठलं आधीचं ते त्या कागदावरून कळेल.

सयाजीबागेतला

बडोद्याला येताय? या या! आमची इथे चौथी पिढी, गायकवाडांच्या वेळेपासून. वडोदरा म्हणू नका, आमच्यासारखं बडोदं म्हणा. दांडिया बाजारात मराठी घरं अजून आहेत, गणपतीत तर कोल्हापूर विसराल. शाखा शहराच्या कुठल्या भागात आहे ते कळवा, त्याप्रमाणे लीजचं घर बघून ठेवतो. आणि पोळ्यांची सोय होईल. फक्त भाजीत साखर असेल, ती तुम्हाला सहन करावी लागेल.

लिंबूटिंबू

कोल्हापूरकर आणि भाजीत साखर. काका, विनंती बदलीच्या अर्जात हे वैद्यकीय कारण म्हणून चालेल का?